दोन माणसांचे ऑडिट आणि सव्वीस दारे



वार्षिक अहवाल हाती पडला की आपण उसाचा दर, साखरेचा उतारा आणि कर्जाचा आकडा पाहतो. हिशेबतपासनीसाच्या शेऱ्याचे पान बहुधा उलटले जाते. तो शेरा वर्ष संपल्यावर, बाहेरून आलेल्या वैधानिक ऑडिटरचा असतो. वर्ष चालू असताना घरातल्या घरात जी तपासणी चालते, म्हणजे अंतर्गत ऑडिट, तिच्याविषयी सभासदांना फारसे सांगितलेच जात नाही. हे काम बहुधा मोजक्या माणसांवर असते, दोनावर किंवा फार तर तिघांवर. एवढ्या माणसांनी वर्षभरात काय तपासायचे आणि काय सोडायचे, हे कसे ठरवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्यासाठी आम्ही आपल्या वाचकांना घाटाखाली, रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोह्याकडे नेणार आहोत. तो उसाचा नव्हे, भाताचा मुलूख. पण या विषयाच्या दोन्ही बाजू तिथे दिसतात. पेणमध्ये एक सहकारी बँक बुडाली, आणि रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक महामंडळाच्या वसाहतीत मध्यम आकाराचे रसायन कारखाने चालतात, ज्यांना नेमका हाच प्रश्न दरवर्षी सोडवावा लागतो.

पेणला काय झाले?

पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांचे पैसे अडकले. बोगस कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये बाहेर गेल्याचे चौकशीत पुढे आले, आणि संचालक व अधिकाऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. लाखाहून अधिक ठेवीदारांत गणपतीच्या मूर्ती घडवणारे कारागीर होते, शेतकरी होते, आणि निवृत्तीचे पैसे ठेवून बसलेले शिक्षकही होते. पुढे कित्येक वर्षे त्यांचे मोर्चे, अर्ज आणि कोर्टाच्या फेऱ्या चालू राहिल्या.

आपल्या विषयापुरता त्यातून घ्यायचा मुद्दा एकच. बोगस कर्जखाते कागदावर बोगस दिसत नाही. अर्ज असतो, सही असते, मंजुरीचा ठराव असतो, व्हाउचर असते. जो तपासनीस शाखेत बसून एकामागून एक व्हाउचरवर हिरव्या शाईची टिकमार्क करीत जातो, त्याला सगळे बरोबरच दिसते. खोटे सापडण्याची जागा कर्जदाराच्या दारात असते. हा माणूस आहे का? त्याने पैसे घेतले का? हप्ता आला तो त्याच्या खिशातून आला, की दुसऱ्या कर्जखात्यातून फिरून आला? हे पाहायचे तर एकेका खात्याला दोन-दोन दिवस जातात. दोन माणसे सगळ्या खात्यांचे असे करू शकत नाहीत. तेव्हा कोणती खाती आधी, हा प्रश्न येतोच. आणि मोठी, नवी व एकाच हाताने मंजूर झालेली खाती आधी, हे त्याचे उत्तर आहे. यालाच जोखमीवर आधारलेले ऑडिट म्हणतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये ५०० कोटी व त्याहून अधिक मालमत्तेच्या नागरी सहकारी बँकांना अशी पद्धत ३१ मार्च २०२२ पर्यंत बसवण्यास सांगितले. पेणच्या घटनेनंतर तोवर दहा वर्षे उलटून गेली होती.

आधी दिवस मोजा

आता धाटावकडे येऊ. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ प्रमाणे, मागील वर्षी २०० कोटी किंवा अधिक उलाढाल असलेल्या खासगी कंपनीलाही अंतर्गत ऑडिटर नेमावाच लागतो. म्हणून आपण उदाहरणादाखल तिथला एक कारखाना मनाने उभा करू. कोणा एका प्रत्यक्ष कंपनीचे हे वर्णन नव्हे. पद्धत कळावी म्हणून आकडे आम्ही धरले आहेत. उलाढाल २५० कोटी, कामगार तीनशे, आणि अंतर्गत ऑडिटला माणसे दोन.

नवशिका तपासनीस पहिल्यांदा काय तपासायचे त्याची यादी करतो. जाणता माणूस पहिल्यांदा दिवस मोजतो. पाण्याची पाळी किती तासांची हे ठाऊक नसताना किती एकर भिजेल हे कोणी सांगत नाही, तसेच हे आहे.

वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्या, १२ सणावाराच्या, २५ रजेचे आणि ६ प्रशिक्षणाचे दिवस वजा केले की एका माणसाचे २७० उरतात. दोघांचे मिळून ५४०. पण हे सगळे तपासणीचे नव्हेत. योजना आखणे आणि संचालकांपुढे अहवाल मांडणे यात ४० दिवस जातील. मागील वर्षी जे दोष दाखवले ते खरोखर दुरुस्त झाले का हे पाहायला आणखी ४०. आणि मधेच तक्रार येते, चोरी होते, संचालक मंडळ म्हणते हे जरा बघा. त्यासाठी ८० दिवस राखून ठेवावेतच. जो राखीव दिवस ठेवत नाही त्याची योजना श्रावणातच मोडते. आता हाती राहिले ३८०.

एका विभागाची नीट तपासणी, म्हणजे माहिती घेणे, प्रत्यक्ष पाहणी, मोजणी, खुलासा आणि अहवाल, याला साधारण ३० ते ४० दिवस लागतात. म्हणजे वर्षात अकरा, फार तर बारा कामे.

दुसरीकडे, पैसा किंवा माल जिथून बाहेर जाऊ शकतो अशी दारे मोजली तर या कारखान्यात ती २६ निघतात: कच्च्या मालाची खरेदी, वजनकाटा, भांडार, उधारी, पगार, कंत्राटी मजूर, दुरुस्ती, भंगार, बँकेतून रकमा सोडणे, संगणकाचे पासवर्ड, सांडपाणी प्रक्रिया, कॅन्टीन वगैरे. दारे सव्वीस आणि पहारे अकरा. पंधरा दारांवर यंदा कोणी उभे राहणार नाही, हे पहिल्याच दिवशी उघड झाले. आता कोणती पंधरा, हे आंधळेपणाने ठरवायचे की डोळसपणे, एवढेच आपल्या हाती आहे.

गुण द्यायचे ते मतावर नव्हे, खुणांवर

प्रत्येक दाराला दोन गुण द्यायचे. पहिला नुकसानीचा: तिथे बिघडले तर कारखान्याला किती मोठा फटका बसेल, एक ते पाच. दुसरा संभवाचा: तिथे बिघडणे किती सोपे आहे, तेही एक ते पाच. दोहोंचा गुणाकार म्हणजे त्या दाराची जोखीम.

घोटाळा होतो तो दुसऱ्या गुणात. खातेप्रमुखाला विचारले तर तो म्हणणार, ‘आमच्याकडे सगळे चोख आहे, एक गुण द्या.’ म्हणून संभवाचा गुण कोणाच्या मतावर ठेवू नये. एकापासून सुरुवात करावी आणि पुढील चार खुणांपैकी जितक्या आढळतील तितके गुण वाढवावे. पहिली खूण, मागणारा, घेणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच आहे. दुसरी, तिथल्या नगाचा वा वजनाचा ताळा दुसऱ्या कोणत्याही नोंदीशी घातला जात नाही. तिसरी, गेल्या वर्षात माणूस, दरपद्धत किंवा संगणकाचा प्रोग्रॅम बदलला आहे. चौथी, दोन वर्षांत तिथे तपासणी झालेली नाही, किंवा मागील आक्षेप तसेच पडून आहेत.

कच्च्या मालाची खरेदी घ्या. फटका मोठा, पाच गुण. खरेदी करणारा आणि माल उतरवून घेणारा वेगळे आहेत, फाटकावरची नोंद भांडाराच्या नोंदीशी ताडली जाते. पण संगणकाचा प्रोग्रॅम नवा आहे आणि दोन वर्षांत तपासणी नाही. म्हणून संभव तीन, गुणाकार १५. कंत्राटी मजुरांची हजेरी: फटका तीन. मुकादमच हजेरी मांडतो आणि तोच बिल देतो, फाटकावरील नोंदीशी कोणी ताळा घेत नाही, तपासणीही झालेली नाही. संभव चार, गुणाकार १२. कॅन्टीनमध्ये याच तीन खुणा, संभव चार. पण फटका एक, म्हणून गुणाकार अवघा ४.

आता रिकामी पिंपे आणि वापरलेले ॲसिड यांची विक्री घ्या. खरेदीच्या मानाने रक्कम लहान, म्हणून कोणाचे लक्ष नसते. पैशाचा फटका तीनच धरला असता. पण असा माल परवाना नसलेल्याच्या हाती गेला तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची कारवाई कारखान्यावर येते, म्हणून चार. आणि खुणा मोजल्या तर चारही हजर: भाव ठरवणारा, मोजून देणारा आणि पावती करणारा एकच, किती पिंपे निघायला हवी होती याचा ताळा नाही, व्यापारी यंदा नवा, तपासणी कधीच नाही. संभव पाच, गुणाकार २०. कोट्यवधींच्या खरेदीच्याही वर भंगार जाऊन बसले.

पिंपांचा ताळा

हे दार तपासायचे म्हणजे विक्रीच्या पावत्या चाळायच्या नाहीत. पावत्या बरोबरच असणार. जे विकले आणि लिहिले नाही त्याची पावती नसते. उलट्या बाजूने सुरुवात करायची. कच्च्या मालाच्या नोंदीवरून वर्षात भरलेली पिंपे किती आली? समजा ६,०००. पुरवठादाराला परत गेली ९००. कारखान्यातच पुन्हा वापरात घेतली ६००. म्हणजे ४,५०० रिकामी पिंपे आवारात तरी असली पाहिजेत किंवा विकलेली तरी. पावत्यांत ३,६०० आढळली, आवारात जाऊन मोजली तर १०० उभी होती. मग ८०० पिंपे कुठे गेली? नगाला ५०० रुपये धरले तरी चार लाख होतात.

चार लाखांनी अडीचशे कोटींचा कारखाना बुडत नाही हे खरे. परंतु ज्या वाटेने पिंपे गेली त्याच वाटेने ॲसिडचा टँकर जातो, आणि तोच वजनकाटा, तेच फाटक, तीच माणसे. एका ताळ्यात एवढे बाहेर पडले की तपासनीस राखीव दिवसांतून पंधरा-वीस दिवस काढून वजनकाट्याकडे वळतो. राखीव दिवस ठेवायचे ते अशासाठी.

तीन ठिकाणी फसगत होते

पहिली फसगत गुणाकाराची. ज्वालाग्राही द्रावकांच्या टाक्यांना आग लागली तर फटका पाच. पण तिथे नोंदी चोख, तपासणी ताजी, एकही खूण नाही, संभव एक. गुणाकार ५, म्हणजे जवळजवळ कॅन्टीनच्या पंक्तीला! हे आकड्यांचे खोटेपण आहे. म्हणून नियम करून ठेवतात, की ज्या दाराचा फटका पाच आहे ते गुणाकार काहीही येवो, तीन वर्षांत एकदा पाहिलेच पाहिजे. आपल्या उदाहरणात सर्वाधिक गुणांच्या आठ दारांना मिळून २९० दिवस दिले, आणि या पाळीने येणाऱ्या तिघांना ३० प्रमाणे ९०. झाले ३८०.

दुसरी फसगत न तपासलेल्या बंदोबस्तावर विश्वास ठेवण्याची. ‘त्यावर दोन सह्या लागतात, मग धोका कसला?’ असे म्हणून गुण कमी केले जातात. दुसरी सही करणारा वाचून सही करतो की गठ्ठ्यावर गठ्ठा उरकतो, हे कोणी पाहिले आहे का? पाहिले नसेल तर ती सही नाहीच असे धरून गुण द्यावे. कागदावरच्या मंजुरीला खरा बंदोबस्त मानले तर बोगस कर्जखात्यालाही कमीच गुण पडतील, आणि ते दार कधी यादीत येणारच नाही.

तिसरी फसगत दिवस खाऊन टाकणारी. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक बिल चुकते करण्याआधी ऑडिट विभागाची सही लागते. ऐकायला बरे वाटते. पण रोज साठ-सत्तर बिले आली की दोन्ही माणसे त्यातच बुडतात आणि ३८० दिवसांतले हाती काही उरत नाही. शिवाय ज्या बिलावर आपणच सही केली त्याची पुढे तपासणी कोण करणार? बिल पास करणे हे हिशेब खात्याचे काम. ऑडिटने ते खाते ते काम कसे करते हे पाहावे.

केव्हा तपासायचे आणि कोणापुढे मांडायचे

योजनेत दिवसांइतकाच महिना महत्त्वाचा. काम चालू असते तेव्हाच दार उघडे असते. धाटावच्या कारखान्यात सांडपाण्याची तपासणी मे महिन्यात केली तर अर्धेच कळेल. कोकणातला जुलैचा पाऊस कोसळत असताना टाक्या भरून वाहतात की नाही, ते तेव्हाच पाहायला हवे. दुरुस्तीची कंत्राटे वार्षिक बंदच्या काळात पाहायची, माणसे आणि सामान जागेवर असताना.

आणि योजना वर्षभर दगडावरची रेघ नसते. दर तीन महिन्यांनी गुण पुन्हा मांडायचे. भांडारपाल बदलला, नवा काटा बसला, तर खुणा बदलतात आणि क्रमही बदलतो. मात्र एक काम काढून दुसरे घातले तर का, हे लिहून ठेवावे लागते. नाहीतर अडचणीचे काम हळूच मागे पडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

योजनेचा सर्वांत मोलाचा कागद म्हणजे न तपासायच्या दारांची यादी. आपल्या उदाहरणात ती पंधरा आहेत. प्रत्येकासमोर गुण आणि मागील तपासणीचे वर्ष लिहून ती यादी संचालकांच्या ऑडिट समितीपुढे ठेवायची आणि समितीने सही करायची: ही दारे यंदा तपासली जाणार नाहीत हे आम्हांला माहीत आहे. त्यांना ते मान्य नसेल तर माणूस वाढवून द्यावा किंवा बाहेरच्या फर्मला चार-दोन कामे द्यावीत. पण ‘सगळे तपासले जाते’ अशी समजूत करून बसू नये.

इथे या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. कुंपणच शेत खाऊ लागले तर गुणांचे तक्ते उपयोगी पडत नाहीत. तपासनीसाची बढती, बदली आणि अहवाल एकाच माणसाच्या हाती असतील, तर त्या माणसाचे दार यादीत कधीच वर येणार नाही. म्हणून योजना आणि अहवाल कार्यकारी अधिकाऱ्यामार्फत नव्हे, थेट समितीपुढे गेले पाहिजेत, आणि त्यांची प्रत सचिवाच्या कपाटाबाहेरही असली पाहिजे.

आपल्या फडात

पिंपांच्या जागी मळी आणि बगॅस ठेवून पाहा. उसाच्या वजनाच्या शेकडा चार ते साडेचार मळी निघते, आणि शेकडा अठ्ठावीस ते तीसच्या आसपास बगॅस. म्हणजे किती ऊस गाळला यावरून किती मळी निघायला हवी होती हा ताळा कोणत्याही दिवशी घालता येतो. तो टाकीतल्या मापाशी आणि विक्रीशी जुळतो का? तोडणी-वाहतुकीच्या टोळ्यांना दिलेली उचल घ्या. करार कागदावर असतो. टोळी खरोखर आहे का, हे मुकादमाच्या गावी गेल्याशिवाय कळत नाही. पेणच्या कर्जखात्यांची गोष्ट इथे पुन्हा आठवावी. आणि ही तपासणी उचल वाटली जात असतानाच, म्हणजे गळीत सुरू होण्याआधीच करायची. हंगामानंतर फक्त थकबाकीची यादी हाती येते. वजनकाट्याचे उलटे आहे, तो गाडीतळावर गाड्या उभ्या असतानाच पाहायचा.

वार्षिक साधारण सभेत सभासदाने विचारावे असे प्रश्न चारच आहेत. अंतर्गत ऑडिटला माणसे किती आणि त्यांचे तपासणीचे दिवस किती? त्यांतले किती दिवस बिलांवर सह्या करण्यात गेले? यंदा न तपासलेल्या विभागांची यादी समितीने पाहिली आहे काय, आणि त्यातला सर्वांत जुना कोणता? मागील वर्षीच्या आक्षेपांपैकी किती अजून उघडे आहेत?

या प्रश्नांना हिशेबाची परीक्षा पास झालेला माणूस लागत नाही. उत्तरे आकड्यांत मिळाली तर योजना आहे असे समजावे. ‘सर्व काही नियमानुसार चालू आहे’ असे उत्तर मिळाले, तर तेच प्रश्न पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर लेखी द्यावेत.